पावसाळ्यात पायात काय घालायचं: मेम्ब्रेनचे बूट, गमबूट आणि घामाचा हिशोब

बुटांच्या दुकानात मे महिन्याच्या शेवटी हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "पाणी आत जात नाही आणि घाम बाहेर जातो." मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवून वाफ जाऊ देणारा पातळ पडदा, लावलेल्या बुटांबद्दल ते खोटं नाही. पण पाणी अडवणं हा बुटाचा गुण आहे, तर घाम बाहेर जाणं बुटापेक्षा बाहेरच्या हवेवर जास्त अवलंबून असतं. लंडनच्या जानेवारीत जो बूट पाय कोरडा ठेवतो, तोच बूट ठाण्याच्या जुलैत दुपारपर्यंत मोजे चिंब करतो. त्यामुळे सात-आठ हजार रुपये मोजण्याआधी, किंवा "गमबूट म्हणजे शेतकऱ्यांचे" म्हणून तो पर्याय सोडून देण्याआधी, आपला पाय नेमका कुठून ओला होतो ते बघायला हवं.

पहिली पायरी: पाणी कुठून येतं ते ठरवा

पाय ओला होण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली बुटाच्या अंगातून: कापड, शिवण, चामडं यांतून पाणी झिरपतं. दुसरी वरच्या तोंडातून: ओढा ओलांडताना, तुंबलेल्या रस्त्यावर, किंवा पोटरीवरून ओघळणारं पावसाचं पाणी मोज्यात उतरतं आणि मोज्यावाटे बुटात पोहोचतं. तिसरी वाट आतली, म्हणजे घाम.

घोट्यापर्यंतचा मेम्ब्रेनचा बूट यातली फक्त पहिली वाट बंद करतो. गमबूट पहिली पूर्ण बंद करतो आणि दुसरी त्याच्या उंचीपर्यंत. तिसरी वाट दोन्हींत उघडीच राहते. गमबुटात घामाला बाहेर पडायला फक्त वरचं तोंड असतं. मेम्ब्रेनच्या बुटात थोडी जास्त सोय असते, आणि ती "थोडी" म्हणजे किती हाच खरा प्रश्न आहे.

म्हणून आधी आपला नेहमीचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. ओल्या गवतातून चालायचंय की गुडघाभर पाण्यातून? अर्धा तास की सहा तास? पोहोचल्यावर बूट काढता येणार आहेत की दिवसभर पायातच राहणार? या तीन उत्तरांतच बरीचशी निवड होऊन जाते.

मेम्ब्रेन बुटात कुठे असते आणि काय करते

1969 साली अमेरिकेत बॉब गोर यांनी पीटीएफई हे प्लॅस्टिक, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं तेच, तापवून झटक्यात ताणलं. ते तुटण्याऐवजी पसरलं आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं. ही छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा कितीतरी मोठी असतात. थेंब अडतो, वाफ जाते. गोर-टेक्सची सुरुवात यातूनच झाली. स्वस्त बुटांत बहुधा पॉलियुरेथेनचा पातळ पडदा असतो. त्यातल्या काही प्रकारांना छिद्रं नसतातच. त्यात ओलावा आतल्या बाजूने शोषला जातो आणि बाहेरच्या बाजूने सुटतो.

हा पडदा बुटाच्या बाहेरून दिसत नाही. अस्तराला चिकटवून त्याचा मोज्याच्या आकाराचा एक आतला बूट शिवतात, शिवणींवर पट्टी चिकटवतात आणि तो बाहेरच्या कापडी किंवा चामडी बुटात बसवतात. म्हणजे बाहेरचं कापड पाणी अडवत नाही. त्यावर पाणी घरंगळून जावं म्हणून रसायनाचा हलका थर दिलेला असतो, एवढंच. तो थर झिजला की कापड पाणी पितं, जड होतं आणि मेम्ब्रेनच्या बाहेर पाण्याचा सलग पापुद्रा उभा राहतो. पाणी तरीही आत येत नाही. पण आतली वाफ बाहेर जायची वाटही बंद होते. मोजे ओले झाले की लोक "मेम्ब्रेन फाटली" म्हणतात. पुष्कळदा ती शाबूत असते आणि मोज्यात असतो तो घामच.

आणखी एक गोष्ट लेबलवर कधी लिहिलेली नसते. जॅकेटच्या बाबतीत दिलेला वाफ जाण्याचा आकडा सपाट कापडावर, प्रयोगशाळेत, अनुकूल हवेत मोजलेला असतो. बुटात तळवा रबराच्या सोलवर असतो, चवड्याभोवती रबराची पट्टी असते, जिभेत आणि घोट्याभोवती फोम भरलेला असतो. वाफ जायला मोकळा भाग उरतो तो पायाच्या वरच्या बाजूचा. आणि तळव्याला तर घाम भरपूर येतो. त्यामुळे बुटावरच्या अशा आकड्याला मी खरेदीत काहीच किंमत देत नाही.

हवेचा हिशोब

पावसाळ्यात दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, त्याच कारणाने मेम्ब्रेन थकते. वाफ जास्त दमट जागेकडून कमी दमट जागेकडे जाते. दोन्हीकडे सारखाच ओलावा असेल तर कितीही महागड्या पडद्यातून काही हलत नाही.

आकड्यांत बघू. चालत्या पायाभोवतीची बुटातली हवा 33 अंशांच्या आसपास आणि वाफेने पूर्ण भरलेली धरली, तर तिच्या एका घनमीटरमध्ये साधारण 36 ग्रॅम पाणी असतं. मुंबईत जुलैच्या दुपारी तापमान 28 अंश आणि आर्द्रता 85 टक्के धरली, तर बाहेरच्या हवेत सुमारे 23 ग्रॅम पाणी आधीच आहे. फरक 13 ग्रॅमचा. लोणावळ्यात 23 अंश आणि 95 टक्के धरा: बाहेर साधारण 19-20 ग्रॅम, फरक 16. आता लंडनची हिवाळी सकाळ, 6 अंश आणि 85 टक्के: बाहेर जेमतेम 6 ग्रॅम, फरक 30. वाफेला बाहेर ढकलणारा जोर हाच फरक असतो. म्हणजे तोच बूट, तीच मेम्ब्रेन, आणि मुंबईत जोर लंडनच्या निम्म्याहून कमी. त्यात गरम हवेत पायाला घाम जास्त येतो तो वेगळाच.

आर्द्रतेचा टक्का दोन्हीकडे 85 होता, हे लक्षात घ्या. टक्क्यावर जाऊ नका. निर्णय तापमान करतं, कारण गार हवा मुळात फारशी वाफ धरूच शकत नाही.

यावरून मेम्ब्रेनचे बूट आपल्याकडे कुठे शोभतात तेही कळतं. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पहाटे सह्याद्रीत दवाने भिजलेल्या गवतातून चालताना ते उत्तम: हवा गार, पाणी फक्त बाहेरून, आणि तेही घोट्याच्या खाली. हिमालयात बर्फावर चालायला तेच. पुण्या-मुंबईहून युरोपात किंवा कॅनडात शिकायला गेलेल्यांनी तिथल्या थंड, रिमझिम शहरांसाठी बिनधास्त घ्यावेत. कोकणातल्या आषाढात मात्र हा पडदा पावसाशी लढायच्या आधी आपल्याच घामाशी हरतो.

दुसरी पायरी: आपला घाम मोजा

प्रत्येकाचा पाय वेगळा. काहींचे मोजे दिवसभर कोरडे, काहींचे तासाभरात चिकट. हे अंदाजावर सोडून द्यायची गरज नाही; स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा पुरतो.

कोरड्या मोज्यांची जोडी आणि बुटातले सुटे इनसोल यांचं वजन करा. पाऊस नसलेल्या पण दमट संध्याकाळी, जो बूट तपासायचाय तो घालून, नेहमीच्या वेगाने तासभर चाला. घरी येताच मोजे आणि इनसोल पुन्हा मोजा. वाढलेलं वजन म्हणजे बुटात अडकलेला घाम. दुसऱ्या दिवशी, तशाच हवेत, त्याच मोज्यांच्या धुतलेल्या जोडीने दुसरा बूट किंवा गमबूट घालून तोच रस्ता चाला.

समजा दोन्ही पायांचं मिळून मेम्ब्रेनच्या बुटात वजन 18 ग्रॅमने वाढलं आणि गमबुटात 28 ग्रॅमने. याचा अर्थ तुमच्या पायाला, तुमच्या हवेत, मेम्ब्रेनने तासाला 10 ग्रॅमचा फायदा दिला. आता मोज्याची क्षमता बघा. मोजा पाण्यात बुडवून, घट्ट पिळून वजन करा. कोरड्या आणि पिळलेल्या वजनातला फरक म्हणजे तो किती पाणी धरून ठेवतो. जोडीची क्षमता 60 ग्रॅम निघाली, तर वरच्या उदाहरणात गमबुटात मोजे साधारण दोन तासांत भरतात आणि मेम्ब्रेनच्या बुटात सव्वातीन तासांत. हा आकडा ढोबळ आहे, कारण थोडा घाम अस्तरातही मुरतो. पण मोजे कधी बदलायचे याची वेळ त्यातून नक्की मिळते.

फरक दोन-चार ग्रॅमचाच निघाला तर मेम्ब्रेनसाठी जादा पैसे मोजू नका. तुमच्या हवेत ती कामच करत नाहीये.

गमबूट घेताना आणि वापरताना

बाजारातले बहुतेक स्वस्त गमबूट पीव्हीसीचे, साच्यात ओतलेले असतात. टिकाऊ, हलक्या देखभालीचे, पण कडक. नैसर्गिक रबराचे बूट मऊ असतात, पायाबरोबर वाकतात आणि ओल्या फरशीवर त्यांची पकड सहसा बरी असते. मात्र उन्हात ठेवले तर रबराला बारीक भेगा पडतात. दोन्हीतून वाफ जात नाही, त्यामुळे घामाच्या दृष्टीने फरक अस्तराचा. आत जाड सुती अस्तर असेल तर पहिल्या तासाला पाय बरा वाटतो, पण ते अस्तर पावसाळ्यात रात्रभर वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी वास मारतं. माझा सल्ला: पातळ नायलॉनच्या अस्तराचा किंवा बिनअस्तराचा बूट घ्या आणि आत सुटे, काढता येणारे इनसोल टाका, दोन जोड्या. घाम इनसोल आणि मोज्याने शोषायचा. दोन्ही बाहेर काढून वाळवता येतात, अस्तर येत नाही.

मापासाठी दुकानात तेच मोजे आणि इनसोल घेऊन जा. पाय घालून पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट जावं, त्याहून जास्त नाही. चालताना टाच थोडी उचलली जाणारच, कारण नाडी नाही. पण खूप उचलली गेली तर घासून फोड येतो आणि चिखलात बूट मागेच राहतो. पोटरीशी बुटाचं तोंड सैल असावं: प्रत्येक पावलागणिक आतली दमट हवा थोडी बाहेर फेकली जाते आणि बाहेरची आत येते. गमबुटाला जो काही श्वास आहे तो एवढाच, म्हणून तोंड दोरीने आवळून बांधायची सवय सोडा. मोजे मात्र बुटाच्या काठाहून दोन बोटं उंच हवेत, नाहीतर ओला काठ पोटरी सोलून काढतो. सुती मोजा घाम पिऊन तळव्याशी बसून राहतो. पॉलिस्टर किंवा लोकर मिसळलेला मोजा तो वर ओढतो आणि पिळला की लवकर हलका होतो.

पावसाची पँट किंवा रेनकोट नेहमी बुटाच्या बाहेरून सोडा. आत खोचली की नळच लागतो.

गमबूट कुठे चालत नाही तेही सांगायला हवं. भात लावणीच्या चिखलात तो रुततो, म्हणून लावणीला माणसं अनवाणीच उतरतात, आणि तिथे गमबुटाचा आग्रह धरणं व्यवहार्य नाही. बांधावरून फिरायला, गोठ्यात, फवारणीला, गवत कापायला आणि रात्री शेतात जायला मात्र तो हवाच. गवतात साप बहुतेकदा पायालाच चावतो, आणि पोटरीपर्यंतचा जाड रबर तिथे खरंच कामाला येतो.

एक दिवस धरून बघू: लोणावळा ते राजमाची, जुलै

तुंगार्ली धरणाच्या बाजूने निघून राजमाची गडाखालच्या उधेवाडी गावापर्यंत ही सुमारे 15 किलोमीटरची चाल. उंची फारशी नाही, पण वाटेत रस्ता कापणारे ओढे आहेत आणि पाऊस चार-पाच तास थांबत नाही.

मेम्ब्रेनचे घोट्यापर्यंतचे बूट घालून निघालात तर पहिला तास छान जातो. रस्त्यावरच्या डबक्यांतून बिनधास्त पाय टाकता येतो. तोवर पँट भिजून पोटरीला चिकटलेली असते आणि पाणी मोज्याच्या काठावर उतरायला लागतं. मोजा ते खाली ओढतो. दीड तासाने बोटांशी कोमट ओलावा जाणवतो. यात घाम किती आणि ओघळ किती हे वेगळं काढता येत नाही. मग पहिला मोठा ओढा येतो आणि पाणी नडगीपर्यंत चढतं. वरच्या तोंडातून आत गेलेलं पाणी आता बाहेर जाणार नाही, कारण जो पडदा बाहेरचं पाणी अडवतो तोच आतलंही अडवतो. प्रत्येक बुटात पेलाभर पाणी धरलं तरी दोन पायांवर मिळून जवळजवळ अर्धा किलो ओझं, आणि पुढचे दहा किलोमीटर ते पायाशी खळखळत राहतं. बूट काढून ओतलं तरी फोम आणि अस्तर भरलेलंच राहतं. मुक्काम असेल तर सकाळी ते बूट तसेच ओले पायात घालावे लागतात.

गमबूट घालून निघालात तर छोट्या ओढ्यांत पाय खरंच कोरडा राहील. पण 15 किलोमीटर नाडीशिवायच्या बुटात टाच वरखाली होत राहते, फोड येतात, आणि उतारावर बोटं पुढे आपटतात. दोन तासांत मोजे घामाने भरतात. ओढा बुटाच्या काठावर आला की गमबूट धोक्याचा होतो: भरलेला बूट वाहत्या पाण्यात पाय उचलू देत नाही. काठाच्या वर पाणी जाईल अशा ओढ्यात गमबूट घालून उतरू नका, उतरावंच लागलं तर ते काढून हातात घ्या.

या वाटेला या दोन्हींपैकी एकही बूट योग्य नाही. इथे जाळीच्या कापडाचा, मेम्ब्रेन नसलेला, चांगल्या खाचांच्या सोलचा बूट घ्यावा, किंवा कॅनव्हासचे हंटर बूट. पाय पहिल्या दहा मिनिटांत भिजेल, पण ओढ्यातून बाहेर आल्यावर पावला-पावलाला पाणी बाहेर पडत जाईल. अमेरिकी सैन्याने व्हिएतनाममध्ये हाच मार्ग धरला होता. तिथल्या भातखाचरांत आणि दलदलीत चामड्याचे बूट दिवसचे दिवस ओले राहून पायाची कातडी सुजायची, सोलली जायची. जंगल बूट म्हणून जे वापरात आले त्यांचा वरचा भाग कापडी होता आणि तळव्याच्या कमानीजवळ आतल्या बाजूला पाणी निघून जायला दोन जाळीदार छिद्रं होती. पाणी आत येणारच हे गृहीत धरून ते बाहेर काढायची सोय केली होती.

यात एक अट आहे: मुक्कामी पाय कोरडा व्हायलाच हवा. सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे मोजे आणि हलक्या चपला. उधेवाडीत पोहोचलात की बूट काढा, पाय पुसा, आणि सकाळपर्यंत ओल्या मोज्यांना हात लावू नका.

शहरातलं तुंबलेलं पाणी

इथे हिशोब बदलतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. उंदीर आणि जनावरांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि कातडीवरच्या जखमेतून, चिरेतून शरीरात शिरतात. अशा पाण्यात फ्लोटर घालून जाणं म्हणजे पायाच्या प्रत्येक ओरखड्याला ते पाणी लावणं. घोट्यापर्यंतच्या मेम्ब्रेनच्या बुटाचाही उपयोग नाही, कारण पाणी वरून येतं आणि मग तेच घाण पाणी दिवसभर पायाशी धरून ठेवतं. इथे गमबूटच, पोटरीपर्यंतचा.

घामाचा संबंध इथेही आहे, आणि तो दुर्लक्षित राहतो. दिवसभर गमबुटात घामेजलेली कातडी पांढरी, मऊ पडते, बोटांच्या बेचक्यांत चिरते, आणि मग चिखल्या होतात. म्हणजे बाहेरच्या घाण पाण्यापासून वाचवणाऱ्या बुटातच जंतूंना शिरायला फट तयार होते. म्हणून गमबूट प्रवासापुरता. स्टेशनपर्यंत, स्टेशनपासून कचेरीपर्यंत. पोहोचल्यावर लगेच काढायचा, पाय पुसायचा, कोरडे मोजे आणि दुसरे बूट किंवा चप्पल घालायची. शाळेत मुलांना सकाळी घातलेला गमबूट दुपारी सुटेपर्यंत तसाच पायात असतो. त्यांच्या दप्तरात एक सँडल आणि एक छोटा पंचा टाका आणि वर्गात बूट काढू द्या म्हणून बाईंशी बोलून ठेवा.

पायाला जखम असताना अशा पाण्यातून जावं लागलं, तर घरी साबणाने पाय धुवा आणि 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही ते तेच ठरवतील. ताप यायची वाट बघू नका.

गळती आहे की घाम, कसं ओळखायचं

दुकानात बूट परत न्यायच्या आधी हे तपासा. गळती बहुधा एका जागी सुरू होते: चवड्याशी जिथे बूट वाकतो तिथे, किंवा जिभेच्या बाजूच्या शिवणीशी. ओलावा गार असतो आणि पाण्यात पाय टाकल्यावर काही मिनिटांत जाणवतो. घामाचा ओलावा कोमट, दोन्ही पायांना जवळपास सारखा, तळव्याखाली आणि बोटांत जास्त, आणि तो हळूहळू वाढतो.

खात्री करायची असेल तर बूट पूर्ण वाळवा, आत पांढरा टिश्यू पेपर चवड्यापर्यंत नीट दाबून भरा आणि बादलीत किंवा टबात एवढं पाणी घ्या की जीभ बाजूने जिथे शिवलेली असते त्या रेषेच्या खाली पाणी राहील. त्या रेषेच्या वर मेम्ब्रेन सलग नसते, तिथून पाणी जाणारच. बुटात जड दगड ठेवून तासभर उभा राहू द्या. कागद कोरडा निघाला तर बूट स्थिर असताना तरी गळत नाही. मग तोच बूट पायात घालून टबात दहा मिनिटं जागच्या जागी पावलं टाका, चवड्यावर उभे राहा. दहा मिनिटांत घाम मोजा भिजवण्याइतका येत नाही. त्यामुळे मोजा एका ठिकाणी ओला झाला तर ती वाकण्याच्या जागेवरची फाट आहे, आणि ती घरी दुरुस्त होत नाही. गमबुटाची भेग मात्र सायकलच्या पंक्चरच्या ठिगळाने, रबर घासून सोल्यूशन लावून, बुजवता येते. पीव्हीसीच्या बुटाला ते सोल्यूशन धरत नाही. त्याला पीव्हीसीचा वेगळा डिंक लागतो.

दोन्ही चाचण्यांत बूट कोरडा राहिला, तर दोष घामाचा किंवा बाहेरचं कापड पाणी पितंय याचा. बुटावर पाणी शिंपडून बघा. थेंब घरंगळत नसतील, डाग पसरत असेल, तर चिखल मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने काढून, बूट ओलसर असतानाच पाणी झटकणारा स्प्रे मारा. कपड्यांना वापरतो ते कंडिशनर चुकूनही लावू नका, त्याने कापड उलट पाणी धरतं.

वाळवणं आणि ठेवणं

मेम्ब्रेनच्या बुटाचा खरा त्रास पावसाळ्यात इथे आहे. बाहेरून कापड, मधे पडदा, आत फोम. दोन रात्री पंख्याखाली ठेवले तरी ओलसर. इनसोल आणि नाडी काढा, जीभ पूर्ण बाहेर ओढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दर दोन तासांनी बदला. बोळा एकदा भरून रात्रभर ठेवला की तोच ओलावा आत धरून बसतो. नंतर पंख्याचा झोत थेट तोंडात. गॅसजवळ, हीटरसमोर किंवा कडक उन्हात ठेवले तर पट्ट्यांचा आणि सोलचा डिंक सुटतो. रोज घालायचे असतील तर एक जोडी पुरत नाही, आणि खर्चाच्या हिशोबात ही दुसरी जोडीही धरा. गमबूट उलटा टांगला, अस्तर पुसलं, इनसोल बदललं की सकाळी तयार.

बुटात वाळू किंवा बारीक खडे राहू देऊ नका, पायाची नखं कापलेली ठेवा. मेम्ब्रेन आतूनच जास्त झिजते.

आणि बूट "जपून" वर्षानुवर्षं कपाटात ठेवू नका. पुष्कळ ट्रेकिंग बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा फोम असतो आणि दमट हवेत तो पाण्याशी हळूहळू रासायनिक अभिक्रिया होऊन ठिसूळ होतो. कोकणात, मुंबईत हे लवकर घडतं. बूट नवा दिसतो, आणि पहिल्याच चालीत सोलचे तुकडे पडतात. जुनी जोडी काढलीत तर निघायच्या आधी सोलच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबा. फोमवर भेगा उमटल्या किंवा भुगा हाताला लागला तर ती डोंगरात नेऊ नका.